hjkl असा मेसेज आला किंवा गेला: अर्थ शोधत बसण्याआधी काय तपासायचं

नवीन स्मार्टफोन घेतलेल्या माणसांकडून मला एक प्रश्न सतत येतो. "अमक्याचा मेसेज आलाय, hjkl. म्हणजे काय?" कधी hjkl ऐवजी asdf असतं, कधी jkjlkh, पण प्रश्न तोच. उत्तरही जवळजवळ दर वेळी तेच असतं: काहीच नाही. पण "काही नाही हो, सोडा" एवढ्यावर समोरच्याचं समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. मेसेज आलाय, नावासकट आलाय, वेळेसकट आलाय, मग त्यात काहीच नाही हे कसं मानायचं? म्हणून खाली तपासण्या दिल्या आहेत. पहिल्या काहींना पैसाही लागत नाही आणि कुणाची मदतही. शेवटच्या एक-दोन थोड्या किचकट आहेत, त्या फक्त मेसेज तुमच्याच फोनवरून जात असतील तर.

लक्षणं

ओळखीच्या माणसाकडून व्हॉट्सॲपवर चार-सहा इंग्रजी अक्षरं येतात, ती कुठल्याच भाषेत वाचता येत नाहीत. आधी काही बोलणं चालू नसतं किंवा बोलणं संपून बराच वेळ झालेला असतो. नंतरही काही येत नाही, किंवा थोड्या वेळाने तिथे "This message was deleted" असं दिसतं आणि धाकधूक आणखी वाढते. दुसरा प्रकार उलटा: तुम्ही काहीच लिहिलेलं नसतं आणि समोरून विचारणा होते, "हे काय पाठवलंत?" चॅट उघडून बघता तर तुमच्या बाजूला खरंच hjkl पडलेलं असतं, खाली मेसेज गेल्याच्या बरोबरच्या खुणा असतात.

पहिली तपासणी: अक्षरं कीबोर्डवर कुठे आहेत ते बघा

मेसेजकडे बघत बसू नका, कीबोर्डकडे बघा. कुठलीही चॅट उघडून खालच्या लिहायच्या पट्टीवर बोट टेकवलं की कीबोर्ड वर येतो. तुमचा मराठी अक्षरांचा असेल तर पृथ्वीच्या गोळ्याच्या चिन्हावर टॅप करा किंवा स्पेसबार जरा दाबून धरा, इंग्रजी निवडता येतो. आता अक्षरांच्या तीन ओळी दिसतील. वरच्या ओळीत 10, मधल्या ओळीत 9, खालच्या ओळीत 7. मधल्या ओळीचं उजवं टोक बघा: h, j, k, l. एकाला एक लागून, अगदी त्याच क्रमाने.

ही तपासणी सगळ्यात आधी करायची, कारण खरा प्रश्न "या अक्षरांचा अर्थ काय" हा नाहीच. ही अक्षरं कुणी विचार करून निवडली, की बोटाखाली जी आली ती उमटली, हा प्रश्न आहे. माणूस शब्द लिहितो तेव्हा बोटाला कीबोर्डभर हिंडावं लागतं. kay लिहून बघा. k मधल्या ओळीत उजवीकडे, a त्याच ओळीच्या डाव्या टोकाला, y वरच्या ओळीत. bara लिहा: खाली, डावीकडे, वर, परत डावीकडे. शब्द अक्षरांना त्यांच्या जागा बघून बोलवत नाही. बोट मात्र जिथे आहे तिथेच आजूबाजूला पडतं.

ज्यांना आकड्यांनी पटतं त्यांच्यासाठी: 26 अक्षरांतून चार अक्षरांच्या 4,56,976 जुळण्या होतात. त्यातल्या एकाच ओळीत एकाला एक लागून, सरळ किंवा उलट जाणाऱ्या जुळण्या फक्त 34 आहेत. कुणी काही सांगायला म्हणून अक्षरं निवडली आणि ती नेमकी या 34 पैकी एक निघाली, असा योगायोग फार क्वचित. मधल्या ओळीवरून बोट गेलं तर मात्र दुसरं काय निघणार!

इथे एक चकवा आहे, त्यात चांगली शिकलेली माणसंही अडकतात. h, j, k, l हे एबीसीडीच्या क्रमातच आहेत, फक्त मधला i नाही. मग वाटतं, i मुद्दाम गाळलाय, म्हणजे काहीतरी सांगायचंय. तसं काही नाही. संगणकाचा आणि फोनचा कीबोर्ड ज्या टाइपरायटरवरून आला तो क्रिस्टोफर शोल्सचा, 1874 साली बाजारात आलेला. त्याच्या सुरुवातीच्या रचनेत अक्षरं बरीचशी एबीसीडीच्या क्रमाने होती, पुढे ती हलवत हलवत आजची मांडणी झाली. मधल्या ओळीत तो जुना क्रम अजून शिल्लक आहे: d, f, g, h, j, k, l. त्यातून e आणि i उठून वरच्या ओळीत गेले, एवढंच. i कुणी गाळलेला नाही, तो वरच्या मजल्यावर राहतो.

दुसरी तपासणी: मोठ्याने वाचा

मेसेज मोठ्याने वाचून बघा. आपण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो तेव्हा कितीही घाईत असलो तरी उच्चार व्हावा एवढे स्वर ठेवतोच: kuthe, jevlis ka, yeto. hjkl मध्ये स्वर एकही नाही. त्यालाही कारण जागेचंच आहे. e, u, i, o हे चारही स्वर वरच्या ओळीत आहेत आणि मधल्या ओळीतला एकुलता एक a डाव्या टोकाला. म्हणजे मधल्या ओळीच्या उजव्या भागावर बोट पडलं तर स्वर यायची सोयच नाही. पेटीवरून उंदीर पळाला तर सूर वाजतात, राग होत नाही, तसं हे.

स्वर नसले की अर्थ नाहीच, असा मात्र नियम करू नका. gn, tc, hbd, hmm यांत स्वर नाहीत तरी ते शुभरात्र, काळजी घ्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि हुंकार आहेत. पण g आणि n, t आणि c, h, b आणि d कीबोर्डवर बघा, ओळी बदलतात. शिवाय ही अक्षरं तुम्हाला पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या माणसांकडून, ठराविक प्रसंगी येतात. hbd वाढदिवसालाच येतं. hjkl कुठल्या प्रसंगी येतं? कुठल्याच नाही. उलट ok ची दोन्ही अक्षरं जवळजवळ आहेत, lol ची पण, तरी त्यांना अर्थ आहे. म्हणून ही तपासणी एकटी पुरत नाही. पहिली आणि दुसरी मिळून बघायची.

तिसरी तपासणी: तुम्ही काढलेला अर्थ दुसऱ्या अक्षरांवर लावून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरी मेख इथेच असते.

माझ्या मावशीला तिच्या मुलाचा रात्री पावणेबाराला hjkl आला. मुलगा परगावी. तिने फोन करून उठवायला नको म्हणून स्वतःच अर्थ लावला. h म्हणजे हो. j म्हणजे जेवलो. k म्हणजे काळजी. l म्हणजे लवकर. "हो, जेवलो, काळजी नको, लवकर येतो." जुळलं की नाही! तिला खात्रीच पटली, कारण संध्याकाळी तिने त्याला "जेवलास का" असं विचारलंही होतं. सकाळी तिने मला सांगितलं तेव्हा तिचा सूर प्रश्नाचा नव्हता, "बघ, मला आता फोनवरचं सगळं कळतं" असा होता.

मी म्हटलं, "मावशी, आता त्याच ओळीतली शेजारची चार अक्षरं घे. d, f, g, h. समज, त्याने हे पाठवलं असतं. लाव अर्थ."

तिने लावला. द म्हणजे दवाखाना, फ म्हणजे फोन, ग म्हणजे गाडी, ह म्हणजे... आणि थांबली. "अरे देवा, दवाखान्यातून फोन, गाडीला काहीतरी झालं, हरवलं..."

दोनदा तीच पद्धत, तोच मुलगा, तीच वेळ. एका अक्षरमालेतून तो सुखरूप जेवलेला निघाला आणि दुसरीतून थेट दवाखान्यात. अर्थ अक्षरांत असता तर इतका फरक पडला नसता. कुठल्याही चार अक्षरांवरून आपण वाक्य रचू शकतो, कारण प्रत्येक अक्षराने सुरू होणारे शेकडो शब्द आपल्या डोक्यात तयार असतात आणि मन त्यातला मनातल्या काळजीला किंवा आशेला सोयीचा शब्द उचलतं. जी पद्धत कुठल्याही अक्षरांतून काहीतरी काढून देते, ती मेसेजबद्दल काहीच सांगत नाही, फक्त आपल्याबद्दल सांगते.

तुम्हालाही अर्थ लागल्यासारखं वाटलं तर हेच करा. शेजारची चार अक्षरं घ्या, asdf किंवा zxcv, आणि त्याच रीतीने वाचा. तिथेही अर्थ लागला तर आधीचा सोडून द्या.

मुलाने काय केलं होतं, ते दुपारी कळलं. त्याने संगणकावर चॅट उघडली होती, तिथून मेसेज जातोय का हे बघायला हात टाकला आणि एंटर दाबलं. चॅट कुणाची उघडी आहे हे बघितलं नाही. त्याला जेवणाबद्दल विचारलं तर म्हणाला, त्या रात्री जेवलोच नव्हतो. मावशी त्यावर अजून रागावलेली आहे, पण तो वेगळा विषय.

चौथी तपासणी: अक्षरांचा क्रम आणि लांबी

मेसेजला अर्थ नसला तरी तो कसा उमटला हे बऱ्याचदा ओळखता येतं, आणि ते कळलं की मनाला स्वस्थता येते.

hjkl असं अगदी डावीकडून उजवीकडे, एकही अक्षर न चुकता असेल, तर ते बहुधा जागं माणूस मुद्दाम दाबतं. कीबोर्ड चालतोय का, मेसेज जातोय का, नेट आलंय का, हे बघायला. संगणकावर उजव्या हाताची बोटं तशीही j, k, l वरच विसावलेली असतात, h तर्जनीच्या शेजारी. चार बोटं ओळीने आपटली की hjkl तयार. डावा हात असेल तर asdf.

jhkkljh अशी मागेपुढे, दुहेरी अक्षरं असतील तर खिसा, तळहाताची कड किंवा हातात धरलेला चालू फोन. उजव्या हातात फोन धरून चालताना अंगठा साधारण याच भागावर येतो, म्हणून खिशातल्या मेसेजांतही याच अक्षरांची गर्दी दिसते.

आणि अक्षरांची लांबच लांब रांग, मध्ये चित्रं, स्टिकर, एखादा दोन सेकंदांचा आवाजाचा मेसेज, त्यात कुणाचं तरी खिदळणं, असं असेल तर समजायचं की फोन घरातल्या लहान मुलाच्या हातात आहे. याला तपासणीही लागत नाही.

पाचवी तपासणी: विचारा, पण नीट विचारा

तरी मन मानत नसेल तर विचारून टाका. फक्त "याचा अर्थ काय?" असं विचारू नका. त्या माणसाला आपण काय पाठवलंय हे ठाऊकच नसतं, तो उलट तुम्हाला "कशाचा?" विचारतो आणि गोंधळ वाढतो. मेसेजवर बोट ठेवून उजवीकडे सरकवा, तो मेसेज तुमच्या उत्तराला जोडला जातो. मग लिहा, "हे चुकून आलं का?" समोरच्याला काय म्हणताय ते लगेच दिसतं. गाडी चालवण्याची वेळ असेल तर उत्तराला उशीर लागणारच, पाठोपाठ प्रश्नचिन्हं पाठवू नका.

मेसेज पुसला गेला असेल तर त्यात लपवण्यासारखं काही होतं असं धरू नका. चुकून गेलेला मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकणं ही साधी सवय आहे. तुमच्याकडून गेला तर तुम्हीही तेच करा: मेसेज दाबून धरा, कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह, मग "Delete for everyone". हे साधारण दोन दिवसांपर्यंत करता येतं. नंतर फक्त तुमच्या फोनवरून पुसला जातो.

अर्थ असलेली विचित्र अक्षरं

थोडे अपवाद सांगतो, म्हणजे सगळंच टाकून द्यायला नको.

मराठी टंकलेखन इनस्क्रिप्ट पद्धतीने शिकलेल्या माणसांकडून कधी कधी संगणकावरून लिहिताना भाषा इंग्रजीच राहून जाते. मग असा मेसेज येतो:

```
vcmdkej
```

बोटं मात्र बरोबर चाललेली असतात. इनस्क्रिप्टमध्ये v वर न, c वर म, m वर स, d वर हलंत, k वर क, e वर काना, j वर र. म्हणजे हा "नमस्कार" आहे. आता ही अक्षरं कीबोर्डवर शोधा: तिन्ही ओळींत विखुरलेली आहेत. पहिली तपासणी इथे बरोबर उलटं उत्तर देते, ही निवडलेली अक्षरं आहेत. आणि त्याच मांडणीत hjkl म्हणजे प, र, क, त. "परकत" हा काही कुणी पाठवायचा शब्द नाही, तेव्हा तिथेही आपली सुटका आहे.

दुसरा अपवाद तरुण मुलांचा. फार हसू आलं किंवा आनंद झाला की ती मुद्दाम कीबोर्डवर हात आपटून asdfghjkl असं काहीतरी पाठवतात. त्यात अक्षरांना अर्थ नसतो, आपटण्याला असतो. हे नेहमी एखाद्या विनोदानंतर किंवा बातमीनंतर लगेच येतं, रात्री पावणेबाराला आपसूक येत नाही.

आणि घरात कुणी प्रोग्रॅमर असेल तर तो सांगेल की vi नावाच्या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये h, j, k, l दाबून डावीकडे, खाली, वर, उजवीकडे जातात. खरं आहे. बिल जॉय यांनी तो ज्या टर्मिनलवर लिहिला त्याच्या याच चार बटणांवर बाण छापलेले होते. पण ते चॅटमधल्या मेसेजला लागू नाही. फार तर त्या प्रोग्रॅमरने चुकीच्या खिडकीत बटणं दाबली असतील.

मेसेज तुमच्याच फोनवरून जात असेल तर

आधी हे कळून घ्या की असा मेसेज जातो तरी कसा. चॅटची पट्टी रिकामी असताना उजवीकडे माइकचं चिन्ह असतं. पट्टीत एक जरी अक्षर पडलं की त्याच जागी पाठवायचा बाण येतो. म्हणजे पहिला चुकीचा स्पर्श अक्षर उमटवतो आणि पुढच्या चुकीच्या स्पर्शासाठी बाणही तयार करून ठेवतो. दोन स्पर्शांत मेसेज गेला.

सर्वांत सोपा उपाय: फोन ठेवताना बाजूचं पॉवर बटण दाबून स्क्रीन काळी करा. नवीन लोक चॅट तशीच उघडी टाकून, कीबोर्ड वर असतानाच फोन खिशात किंवा पिशवीत टाकतात. स्क्रीन आपोआप बंद व्हायला काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागतो, आणि तेवढ्यात काम होऊन जातं. ती वेळ सेटिंगमध्ये "Display" आणि त्यात "Screen timeout" इथे असते, 30 सेकंद ठेवा. बऱ्याच फोनमध्ये खिशातले चुकीचे स्पर्श टाळायची सोयही असते, तिचं नाव कंपनीप्रमाणे वेगळं असतं. सेटिंगच्या शोधात pocket किंवा accidental लिहून बघा. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक पॉवर बटणाच्या सवयीनेच संपतात.

दुसरं, चॅटच्या सेटिंगमध्ये "Enter is send" चालू असेल तर बंद करा. l च्या खालच्या भागात, कीबोर्डच्या अगदी कोपऱ्यात एंटर असतं. अंगठा h, j, k, l वरून घसरत खाली आला की तिथेच टेकतो.

तिसरं, स्क्रीन. फोनची काच बोटाचा दाब मोजत नाही, बोटातून होणारा विजेचा अगदी बारीक फरक ओळखते. म्हणून घामाचा थेंब, ओला हात, खिशाच्या पातळ कापडाआडची मांडी यांनाही ती कधी कधी बोट समजते. फोन बंद करून काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा. काचेवरची चिकटवलेली फिल्म किंवा टफन काच उचकटली असेल, खाली हवा किंवा पाणी गेलं असेल, तर ती काढून एक दिवस बघा.

चौथं, चार्जर. फोन चार्जिंगला लावलेला असतानाच आपोआप अक्षरं उमटत असतील तर वायर काढा. लगेच थांबलं तर दोष चार्जरचा किंवा वायरचा. स्वस्तातला किंवा बिघडलेला चार्जर काचेपर्यंत विजेचा गोंगाट पोचवतो आणि काच त्याला स्पर्श समजते. फोनसोबत आलेला किंवा त्याच कंपनीचा चार्जर लावून बघा. प्रश्न सुटला तर जुना टाकून द्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका.

पाचवं, हे माहितगार माणसाकडून करून घेतलेलं बरं. अँड्रॉइड फोनमध्ये "About phone" मध्ये "Build number" वर सात वेळा टॅप केलं की "Developer options" उघडतात. त्यात "Pointer location" चालू करायचं. आता जिथे स्पर्श होईल तिथे रेघा उमटतात. फोन टेबलावर ठेवा, हात लावू नका, बघत बसा. रेघा आपोआप उमटल्या तर काच स्वतःच खोटे स्पर्श करतेय. एकही उमटली नाही तर काच ठीक आहे आणि दोष सवयीचा आहे, परत पॉवर बटणाकडे या. तपासून झालं की हे बंद करा आणि त्या यादीतल्या दुसऱ्या कशालाही हात लावू नका.

फोन बंद असतानाही तुमच्या नावाने मेसेज जात असतील, तर काच सोडा. व्हॉट्सॲपच्या मेनूत "Linked devices" बघा. तिथे ओळखीचा नसलेला संगणक दिसला की त्यावर टॅप करून "Log out" करा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

hjkl नंतर त्याच नंबरवरून लिंक आली, पैसे मागितले, किंवा "चुकून तुमच्याकडे सहा आकडी कोड आलाय, तो पाठवा" असं आलं, तर तपासण्या बंद. तो कोड कुणालाही सांगायचा नाही, त्याने तुमचं खातं दुसऱ्याच्या फोनवर उघडतं. मेसेज ओळखीच्या माणसाच्या नावाने असेल तर त्याला चॅटमधून नव्हे, साध्या फोनने विचारा. कोड देऊन बसला असाल तर घरातल्या जाणत्या माणसाला आणि सायबर पोलिसांना त्याच दिवशी सांगा.

नेहमी नीट लिहिणारं माणूस अचानक मोडकेतोडके, अर्धवट शब्द पुन्हा पुन्हा पाठवू लागलं, तर ते hjkl सारखं समजू नका. तिथे ओळीतली शेजारची अक्षरं नसतात, लिहायचा प्रयत्न दिसतो पण शब्द जुळत नाहीत. लगेच फोन करा आणि बोलणं ऐका. जीभ जड वाटली, शब्द सापडत नसले, सोबतच्या माणसाला विचारल्यावर चेहऱ्याची एक बाजू वाकडी किंवा एक हात उचलत नाही असं कळलं, तर मेंदूच्या झटक्याची शक्यता धरून ताबडतोब रुग्णवाहिका बोलवायला सांगा. यात मिनिटांना किंमत असते.

फोनची पाठ फुगलेली दिसली, काच एका कडेने उचललेली वाटली, फोन हाताला चटका देण्याइतका तापला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. खोटे स्पर्श त्यानेही होतात, कारण बॅटरी काचेला आतून ढकलते. फोन बंद करा, चार्ज करू नका, दाबून काच बसवायचा प्रयत्न करू नका आणि सेवाकेंद्रात न्या.

चार्जर काढला, फिल्म काढली, फोन टेबलावर नुसता पडून आहे, तरी रेघा उमटतातच, असं असेल तरी पुढचं काम घरी होत नाही. काच किंवा आतली जोडणी बदलावी लागते. देण्याआधी फोटो आणि चॅटची प्रत काढून घ्या, सिम काढा, आणि आपोआप उमटणाऱ्या रेघांचा व्हिडिओ दुसऱ्या फोनवर काढून ठेवा. हा दोष दुकानात नेमका दिसत नाही, मग "फोनमध्ये काही नाही" म्हणून परत पाठवतात. व्हिडिओ दाखवला की त्यांनाही काय बघायचं ते कळतं.